टोकन पुढे, बँक मागे

बँकेने दिलेल्या छोट्या टोकनचं बटण दाबलं, पडद्यावर आलेले सहा अंक नीट पाहून टाकले, आणि तरीही ‘ओटीपी चुकीचा आहे’ असा निरोप आला, तर माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. पुन्हा बटण दाबतो, नवा आकडा टाकतो, पुन्हा तोच निरोप. तिसऱ्या खेपेला खातं काही काळासाठी बंद होतं. पतसंस्थेचे हिशेबनीस, गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार, लहान कारखान्याचं चालू खातं सांभाळणारी मंडळी यांच्यापैकी ज्यांच्याकडे बटणाचं टोकन आहे त्यांच्यावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. आकडा बरोबर असतो, टोकन बिघडलेलं नसतं, बँकेची यंत्रणाही नीट चालू असते. बिघडलेली असते ती दोघांची मोजणी. शाखेत त्याला ‘टोकन आउट ऑफ सिंक झालंय’ म्हणतात आणि उपाय म्हणून ‘रिसिंक करून घ्या’ असं सांगतात. या रिसिंकमध्ये नेमकं काय होतं हे समजलं, तर पुढची अडचण तर टळतेच, शिवाय फसवणुकीची एक वाट आधीच ओळखता येते.

मोबाइलवर येणारा ओटीपी बँक तयार करते आणि आपल्याला पाठवते. टोकनचं तसं नाही. त्यात सिमकार्ड नाही, वायफाय नाही, बाहेरून काहीही ऐकण्याची सोय नाही. आत एक बटणसेल, एक चिप आणि छोटा पडदा एवढंच. तरीही त्याने दाखवलेला आकडा बँकेला ओळखता येतो, कारण दोन गोष्टी दोन्हीकडे आहेत: एक गुप्त किल्ली, म्हणजे टोकन तयार होतानाच त्यात भरलेली लांबलचक संख्या, आणि एक काउंटर, म्हणजे साधी चढती मोजणी. टोकनच्या पाठीवरचा अनुक्रमांक बँक आपल्या खात्याशी जोडते तेव्हा तिच्या सर्व्हरवर याच किल्लीची प्रत आणि हाच काउंटर सुरू झालेला असतो. बटण दाबलं की टोकन किल्ली आणि काउंटर यांच्यावर एक ठरलेली गणिती प्रक्रिया करतं, उत्तरातले सहा अंक दाखवतं आणि काउंटर एकने पुढे सरकवतं. सर्व्हर तेच गणित आपल्या बाजूला करतो आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहतो.

ही पद्धत गुपित नाही. डिसेंबर २००५मध्ये ती RFC 4226 या क्रमांकाच्या दस्तऐवजात जाहीरपणे प्रसिद्ध झाली आणि HOTP या नावाने ओळखली जाते. गुप्त असते ती फक्त किल्ली. त्याच दस्तऐवजात, पद्धत नीट बसवली आहे की नाही हे तपासता यावं म्हणून, एक नमुन्याची किल्ली आणि तिच्यापासून मिळणारे पहिले दहा आकडे दिले आहेत. ते जगजाहीर असल्यामुळे कोणत्याही बँकेत त्यांचा उपयोग नाही, पण आपल्याला समजून घ्यायला ते फार सोयीचे आहेत. काउंटर शून्य असताना त्या किल्लीवर HMAC-SHA-1 ही प्रक्रिया केली की वीस बाइटचं हे उत्तर मिळतं:

```
cc93cf18508d94934c64b65d8ba7667fb7cde4b0
```

एवढं सगळं टाइप करायला कोणी बसणार नाही, म्हणून यातून सहा अंक काढायची एक युक्ती आहे. शेवटचं अक्षर पाहायचं. ते शून्य ते पंधरा यांपैकी एका संख्येचं असतं आणि कितव्या बाइटपासून वाचायचं ते सांगतं. इथे शेवटी 0 आहे, म्हणून अगदी सुरुवातीपासून चार बाइट घ्यायचे: cc93cf18. त्यातला सर्वांत वरचा बिट पुसला की 4c93cf18 उरतं. नेहमीच्या दशमान पद्धतीत ही संख्या 1284755224 होते. तिचे शेवटचे सहा अंक 755224, आणि टोकनच्या पडद्यावर नेमके तेच दिसतात. काउंटर एक झाला की तीच किल्ली 287082 देते. या दोन आकड्यांत वरवर काहीच नातं दिसत नाही. पहिला हाती लागला म्हणून दुसरा ओळखता येत नाही, आणि किल्लीपर्यंत तर मागे जाताच येत नाही.

ज्यांना संगणकावर हे स्वतः पाहायचं आहे त्यांनी oathtool हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. खालच्या आज्ञेने ते दहाही आकडे समोर येतात:

```
oathtool -w 9 3132333435363738393031323334353637383930
```

आता अडचणीच्या मुळाशी येऊ. टोकनचा काउंटर बटण दाबल्याबरोबर पुढे सरकतो. सर्व्हरचा काउंटर मात्र आकडा जुळला तरच सरकतो. टोकनला आपला आकडा वापरला गेला की नाही हे कधीच कळत नाही, आणि सर्व्हरला तिकडे बटण दाबलं गेलं हे कळायला काही मार्ग नाही. त्यामुळे वापराविना झालेलं प्रत्येक दाबणं ही दोघांमधली कायमची तफावत ठरते. टोकन किल्ल्यांच्या जुडग्यात असेल तर खिशात बटण दाबलं जातं. घरातलं लहान मूल पडद्यावर आकडे उमटतात म्हणून पुन्हा पुन्हा दाबत बसतं. आकडा टाकेपर्यंत बँकेचं पान कालबाह्य होतं आणि नवा आकडा घ्यावा लागतो. टाइप करताना एक अंक इकडचा तिकडे झाला, तर सर्व्हर जागचा हलत नाही, टोकन मात्र पुढे गेलेलं असतं. तफावत एकाच दिशेने वाढते: टोकन पुढे, बँक मागे.

सगळीच टोकनं अशी नसतात. काही टोकनांत बटणाच्या मोजणीऐवजी घड्याळ असतं आणि आकडा ठरावीक सेकंदांनी, बहुधा तीस किंवा साठ, आपोआप बदलतो. तिथे तफावत पडते ती घड्याळ हळूहळू मागेपुढे झाल्याने. आपलं टोकन कोणत्या जातीचं हे ओळखायला एकच चाचणी पुरते. बटण दाबून आकडा पाहा, पडदा विझला की लगेच पुन्हा दाबा. पुन्हा तोच आकडा आला तर बहुतेक घड्याळाचं, लगेच वेगळा आला तर मोजणीचं. ही चाचणी रोज करू नये, कारण मोजणीच्या टोकनात ती स्वतःच तफावत वाढवते. पुढचं सगळं मोजणीच्या टोकनाबद्दल आहे.

एवढ्या तेवढ्या तफावतीने ग्राहकाला अडवायचं नाही, म्हणून सर्व्हर थोडं पुढे डोकावून पाहतो. त्याच्या नोंदीत काउंटर ४० असेल आणि दहाची मुभा ठेवलेली असेल, तर तो ४० ते ४९ या दहाही क्रमांकांचे आकडे काढून पाहतो. आपण टाकलेला आकडा त्यांतल्या ४६व्याशी जुळला तर तो स्वीकारतो आणि आपला काउंटर थेट ४७वर नेतो. मधले सहा आकडे कायमचे बाद. बहुतेक वेळा तफावत अशी आपोआप, आपल्या नकळत भरून निघते. या मुभेला तांत्रिक भाषेत लुक-अहेड विंडो म्हणतात. सर्व्हर मागे मात्र कधीच पाहत नाही. मागचा आकडा पुन्हा चालू दिला, तर तो कुणीतरी टिपून ठेवलेला असला तरी चालेल, आणि मग ‘एकदाच वापरायचा’ या अटीला अर्थ उरणार नाही.

मग विंडो हजाराची का ठेवत नाहीत, म्हणजे कुणाचीच अडचण होणार नाही? याचं उत्तर साध्या गुणोत्तरात आहे. सहा अंकी आकडे एकूण दहा लाख. दहाच्या विंडोत कोणत्याही क्षणी त्यांतले दहा चालतात, म्हणजे पासवर्ड चोरलेल्या माणसाने अंदाजाने टाकलेला आकडा लागण्याची शक्यता एक लाखात एक. विंडो हजाराची केली तर हीच शक्यता हजारात एक होते. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन बंद पडण्याची व्यवस्था असली, तरी ज्याच्या हाती हजार ग्राहकांचे पासवर्ड लागले आहेत त्याला सरासरी तीन खाती नुसत्या नशिबावर उघडता येतील. बँकेने हा सौदा करू नये.

मोठ्या विंडोत आणखी एक धोका आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. खऱ्या ग्राहकाने एक अंक चुकवला आणि तो चुकलेला आकडा योगायोगाने आठशे पावलं पुढच्या आकड्याशी जुळला, तर सर्व्हर आनंदाने आठशे पावलं पुढे उडी मारेल. आता टोकन मागे आणि बँक पुढे, अशी उलटी स्थिती होते. टोकनचा प्रत्येक खरा आकडा सर्व्हरला जुना वाटेल आणि मागे पाहणं तर वर्ज्य आहे. लहान विंडो ग्राहकाला या अपघातापासूनही वाचवते.

म्हणून विंडोबाहेर गेलेल्या टोकनासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे, आणि तिचं सगळं बळ एका कल्पनेत आहे: एकाऐवजी लागोपाठचे दोन आकडे मागायचे. नमुन्याच्या किल्लीवर ते पाहू. एका सोसायटीच्या खजिनदारबाईंकडे असं टोकन आहे असं समजा, आणि गणित आवाक्यात राहावं म्हणून विंडो तीनचीच धरू. शून्य क्रमांकाचा 755224 वापरून त्यांनी वीजबिल भरलं, त्यामुळे सर्व्हर आता १ या क्रमांकावर आहे. टोकन पर्समध्ये असताना बटण तीनदा दाबलं गेलं आणि १, २, ३ या क्रमांकांचे 287082, 359152, 969429 हे आकडे कुणी न पाहताच उमटून विझले. महिनाअखेरीस सफाईच्या कंत्राटदाराचे पैसे देण्यासाठी त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर 338314 आलं. हा चौथ्या क्रमांकाचा आकडा. सर्व्हर १, २ आणि ३ एवढेच पाहतो, तिथे तो सापडत नाही, आणि बाईंना ‘ओटीपी चुकीचा आहे’ असा निरोप मिळतो. त्यांनी तो अगदी बरोबर टाकलेला आहे.

आता त्या बँकेच्या पानावर ‘टोकन जुळवणी’ निवडतात. पान टोकनचा अनुक्रमांक मागतं, मग पहिला आकडा. त्या बटण दाबतात, 254676 येतं, टाकतात. पडदा विझू देतात, पुन्हा दाबतात, 287922 येतं, तेही टाकतात. सर्व्हर आता बराच पुढपर्यंत शोध घेतो. पाचव्या क्रमांकावर त्याला 254676 सापडतं. तेवढ्यावर तो थांबत नाही, सहाव्यावर 287922च आहे ना हे पाहतो. तेही जुळतं. सर्व्हर आपला काउंटर ७ करतो आणि जुळवणी झाल्याचं कळवतो. टोकनात या सगळ्या वेळात काहीही बदललेलं नाही. ‘बँकेने टोकन रीसेट केलं’ असं आपण म्हणतो खरं, पण बदलली ती फक्त बँकेच्या वहीतली एक संख्या. टोकनपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बँकेकडे नाही.

कंत्राटदाराचे पैसे देताना बाईंनी यांतलाच एखादा आकडा पुन्हा टाकला, तर तो चालणार नाही. जुळवणीत ते दोन्ही खर्ची पडले. त्यांना तिसऱ्यांदा बटण दाबावं लागेल. सातवा आकडा 162583, तो पहिल्याच फटक्यात चालेल. जुळवणीनंतर लगेच ‘अजूनही होत नाही’ अशी तक्रार येते, तिच्यामागे अनेकदा एवढंच असतं.

दोन आकड्यांनी काय साधलं ते पुन्हा गुणोत्तरात पाहा. जुळवणीच्या वेळी सर्व्हर हजार क्रमांक पुढपर्यंत पाहतो असं धरू. खुल्या स्रोताच्या privacyIDEA या सर्व्हर प्रणालीत मूळ मांडणी नेमकी अशीच आहे, रोजच्या वापराला दहा आणि जुळवणीला हजार. दोन सहा अंकी आकड्यांच्या जोड्या एक लाख कोटी होतात. त्यांतल्या हजार जोड्या बरोबर ठरतात. म्हणजे अंदाज लागण्याची शक्यता शंभर कोटींत एक. विंडो शंभरपट रुंद झाली आणि तरी कुलूप रोजच्यापेक्षा दहा हजारपट पक्कं राहिलं. चुकलेला अंक योगायोगाने जुळून भलतीकडे उडी मारण्याचा धोकाही याच गणिताने जवळजवळ संपतो. गाडीच्या रिमोटमध्ये पूर्वी सर्रास वापरली गेलेली कीलॉक पद्धतही अशीच चालते: सोळा पावलांच्या आतला संकेत एका दाबण्यात मान्य, त्यापलीकडचा असेल तर लागोपाठ दोन संकेत हवेत. खिशात रिमोट दाबलं गेल्यावर गाडी पहिल्यांदा गप्प राहते आणि दुसऱ्या दाबण्याला उघडते, त्याचं कारण हे.

‘लागोपाठ’ या अटीवरच जुळवणी सर्वांत जास्त वेळा फसते. पहिला आकडा टाकून झाल्यावर फोन येतो, पडदा विझतो, घाईत बटण दोनदा दाबलं जातं आणि दुसऱ्या रकान्यात सहाव्याऐवजी सातवा आकडा जातो. सर्व्हरला पाचवा सापडतो, सहावा जुळत नाही आणि तो संपूर्ण जोडी नाकारतो. अशा वेळी पहिला आकडा तसाच ठेवून फक्त दुसरा बदलत बसू नये. पान नव्याने उघडावं आणि दोन ताजे आकडे एकामागून एक घ्यावेत. खातं आधीच चुकीच्या प्रयत्नांमुळे बंद झालं असेल, तर ते उघडून घेणं हे वेगळं काम आहे. जुळवणीने कुलूप निघतंच असं नाही, आणि कुलूप निघालं म्हणून मोजणी जुळत नाही. शाखेत किंवा फोनवर बोलताना दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात.

एकच टोकन दोघांनी वापरण्याची पद्धत संस्थांमध्ये रुळलेली आहे आणि ती मला नियमांपलीकडेही चुकीची वाटते. सचिवांना फोनवर ४१वा आकडा वाचून दाखवला, त्यांनी तो लगेच टाकला नाही. दरम्यान खजिनदाराने ४२वा घेऊन स्वतःचं काम केलं. सर्व्हर ४३वर गेला. आता सचिवांच्या हातातला ४१वा आकडा मेलेला आहे आणि कितीही जुळवणी केली तरी तो जिवंत होणार नाही. बँक मागेल तेवढी टोकनं घेऊन प्रत्येकाला वेगळं द्यावं, हाच इलाज.

बँकेच्या बाजूनेही मोजणी बिघडू शकते. सर्व्हर कोसळला आणि जुन्या प्रतीवरून पुन्हा उभा केला, तर त्यातले काउंटर त्या जुन्या दिवसाचे असतात. ग्राहकांना यातलं काही जाणवत नाही, फार तर काहींना जुळवणी करावी लागते. पण मधल्या काळात वापरून झालेले आकडे, ग्राहकाने नवा आकडा टाकेपर्यंत, पुन्हा चालू शकतात. म्हणून काउंटरची नोंद इतर माहितीपेक्षा अधिक काटेकोरपणे, दर व्यवहारागणिक जपावी लागते.

मला बँकांकडून एक बदल मनापासून हवा आहे. पासवर्ड बरोबर आला आहे आणि आकडा छोट्या विंडोत नसला तरी मोठ्या विंडोत सापडतो आहे, हे सर्व्हरला त्या क्षणी तपासता येतं. मग ‘ओटीपी चुकीचा आहे’ एवढंच सांगून ग्राहकाला तीन प्रयत्नांच्या कुलपाकडे ढकलण्याऐवजी, पुढचा आकडाही मागून घ्यावा आणि जुळवणी तिथेच उरकावी. काही प्रणालींत ही स्वयंचलित जुळवणी उपलब्ध आहे. लागोपाठच्या दोन आकड्यांची अट तशीच राहते, सुरक्षा कमी होत नाही, आणि ग्राहकाची शाखेतली खेप वाचते.

फसवणुकीची वाटही इथेच आहे. मोजणीच्या टोकनचा आकडा वेळेने मरत नाही. आज सकाळी घेतलेला आणि न वापरलेला आकडा, त्यानंतरचा एखादा आकडा बँकेत पोहोचेपर्यंत, उद्याही चालेल आणि पुढच्या आठवड्यातही. त्यामुळे ‘तुमचं टोकन आउट ऑफ सिंक झालंय, लागोपाठचे दोन आकडे सांगा’ असा फोन आला, तर समोरचा माणूस जुळवणीच्या नावाखाली दोन जिवंत आकडे मागतो आहे. पासवर्ड त्याच्याकडे आधीच असेल, तर एकाने तो आत शिरेल आणि दुसऱ्याने पैसे पाठवायला मंजुरी देईल. बँकेला जुळवणीची गरज आहे हे कळण्याचा मार्गच नसतो, जोवर आपण स्वतः आकडा टाकून तो नाकारला जात नाही. म्हणून आपण काहीही न करता आलेला असा फोन खोटाच समजावा. आकडे टाकायचे ते बँकेच्या आपण स्वतः उघडलेल्या पानावर. कुणी आकडे वाचून घेतलेच, तर टोकनवर नवा आकडा घेऊन लगेच त्याने लॉगिन करावं. तो स्वीकारला गेला की आधीचे सगळे बाद होतात. मग बँकेला कळवून पासवर्ड बदलावा.

दोन ताजे, लागोपाठचे आकडे काळजीपूर्वक टाकूनही जुळवणी दोन वेळा फसली, तर पुढे बटण दाबत राहण्यात अर्थ नाही. टोकन हजारांनी पुढे गेलेलं असेल, किंवा सर्व्हरच पुढे गेलेला असेल, किंवा पाठीवरचा अनुक्रमांक भलत्याच खात्याशी जोडलेला असेल. दोन टोकनांची अदलाबदल झालेली असणं हेही संस्थांमध्ये होतं, आणि ते पाठीवरचे अनुक्रमांक ताडून पाहिल्यावर लगेच लक्षात येतं. पडदा फिकट दिसत असेल किंवा अंकांचे काही तुकडे उमटत नसतील, तर सेल संपत आला आहे. मग 8 आणि 6 यांतला फरकही पडद्यावर दिसेनासा होतो आणि मोजणी जुळलेली असूनही आकडा नाकारला जातो. बरीचशी टोकनं कायमची बंद केलेली असतात, सेल बदलता येत नाही, बँक नवंच टोकन देते. नव्याबरोबर नवी किल्ली येते आणि मोजणी नव्याने सुरू होते. जुनं परत करताना त्याचा अनुक्रमांक खात्यावरून काढला गेल्याची लेखी पोच मागून घ्यावी.